‘विनंती करतो की’ म्हटलं, पण विनंती कुठं आहे?

*सर, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझी मुलगी मराठी शाळेत आठवीला आहे. ताप आला म्हणून दोन दिवस घरी राहिली आणि परत जाताना तिनं मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहून नेला. पहिली ओळ अशी होती: ‘वरील विषयास अनुसरून सविनयपूर्वक विनंती करतो की, मी आपल्या शाळेत इयत्ता आठवीमध्ये शिकत असून मला ताप आल्यामुळे मी दिनांक १४ व १५ रोजी शाळेला हजर राहू शकत नाही.’ वर्गशिक्षकांनी ओळीखाली लाल रेघ ओढून ‘वाक्यरचना तपासा’ एवढंच लिहिलंय. मुलीचे बाबा म्हणतात, आम्ही पण शाळेत हीच ओळ लिहीत होतो, त्यात चुकीचं काय? खरंच चूक आहे का, आणि असली तर कुठं?*
*— एक आई, खानापूर*

ताई,

सरांनी रेघ ओढली ते बरोबर केलं. कुठं चुकलं ते सांगितलं नाही, हे मात्र बरं केलं नाही. ओळीत बारीकसारीक गोष्टी तीन-चार आहेत, त्यांच्याकडे मागाहून येतो. मुख्य दोष एकाच ठिकाणी आहे, ‘की’पाशी.

‘की’च्या आधी तुम्ही काय म्हणता, त्यावर ‘की’च्या पुढे काय यायचं ते ठरतं. ‘कळवतो की’, ‘सांगतो की’, ‘निवेदन आहे की’ असं म्हटलं तर पुढे माहिती येते. शाळेच्या फळ्यावर सूचना असते बघा, ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, उद्या शाळेला सुट्टी राहील.’ कळवायचं म्हटलं आणि कळवलं, हिशेब पुरा झाला. ‘विनंती करतो की’ असं म्हटलं तर पुढे समोरच्यानं काय करावं किंवा आपल्याला काय मिळावं, ते यायला हवं: रजा द्यावी, फी भरायला मुदत मिळावी, दाखला लवकर द्यावा. शाळेच्या व्याकरणात पहिल्या तऱ्हेच्या क्रियापदाला स्वार्थ म्हणतात आणि ‘-वा, -वी, -वे’ने संपणाऱ्या दुसऱ्या तऱ्हेला विध्यर्थ. तुमच्या मुलीनं हे आठवीपर्यंत कधीतरी पाठ केलेलं असणार, फक्त ते अर्जाला लागू पडतं हे कुणी तिला दाखवलं नसेल.

आता तिच्या ओळीत ‘की’च्या पुढचं शेवटचं क्रियापद बघा. ‘राहू शकत नाही.’ ही माहिती आहे. विनंती करतो म्हणून सुरुवात केली, आणि पूर्णविराम आला तरी काही मागितलंच नाही.

याची एक सोपी परीक्षा आहे, मुलीला तोंडी करायला सांगा. ‘की’ काढून टाकायचा, त्याच्या पुढचं वाक्य आधी म्हणायचं आणि शेवटी ‘अशी विनंती’ जोडायचं. ‘दोन दिवसांची रजा द्यावी, अशी विनंती.’ छान बसलं. ‘मी आठवीत शिकते, अशी विनंती.’ पोरगी स्वतःच हसेल. ‘मी शाळेत हजर राहू शकत नाही, अशी विनंती.’ हेही तसंच. आपल्या भागातल्या मुलांना ही परीक्षा आणखी लवकर कळते, कारण कन्नडच्या तासाला ती हीच रचना लिहितात. ‘रजे नीडबेकेंदु विनंति’, म्हणजे ‘रजा द्यावी अशी विनंती’: आधी मागणं, मग ‘एंदु’, मग विनंती. तिथं ‘मी आठवीत शिकतो’च्या मागं ‘एंदु विनंति’ लावायचं कुणा मुलाच्या मनात येत नाही. मराठीत ‘की’ आधी येतो आणि मागणं लांब मागं राहतं, म्हणून वाटेत ते हरवलं तरी पत्ता लागत नाही.

मुलीच्या बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ही ओळ जुनी आहे हे खरंच. जुन्या पत्रांचा मायना आठवा: ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे.’ तिथं ‘विनंती’ म्हणजे काही मागणं नव्हे. मोठ्या माणसापुढं नम्रपणे काही सांगणं, तेही विनंतीच होतं. त्यामुळे विनंतीच्या पुढे घरची खबर, पावसाची बातमी, गुरांचा आजार, काहीही येऊ शकत होतं. अर्जातली ‘विनंती की, मी आपल्या शाळेत...’ ही ओळ त्या वळणाशी जुळते. पण आज आपण विनंती शब्द त्या अर्थानं वापरत नाही. खानापूरच्या बाजारात कुणी ‘तुम्हाला विनंती आहे’ म्हणाला, की पुढं काहीतरी मागणार म्हणून आपण कान टवकारतो. आठवीतल्या मुलीचा अर्ज आजच्या मराठीत असायला हवा, त्यामुळे आजच्या मापानं ही रचना सदोष ठरते. ‘अशुद्ध’ हा शब्द मी इथं वापरणार नाही, कारण एकही रूप मोडलेलं नाही. दोन धड तुकडे चुकीच्या सांध्यानं जोडलेत, एवढंच.

यावर एक वकिली मुद्दा निघतो आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. अर्जात पुढं ‘तरी मला रजा मंजूर करावी’ असं असणारच, मग ‘विनंती करतो की’चं मागणं तिथं पुरं होत नाही का? पूर्णविराम नसता तर झालं असतं. ‘सविनय विनंती करते की, मी आपल्या शाळेत आठवीत शिकत असून, ताप आल्यामुळे दिनांक १४ व १५ रोजी हजर राहू शकले नाही, तरी मला या दोन दिवसांची रजा मिळावी.’ हे एकच लांब वाक्य आहे, शेवटचं क्रियापद ‘मिळावी’ आहे आणि ‘विनंती’शी ते जुळतं. व्याकरणाला इथं हरकत घेता येत नाही, वाचणाऱ्याला दम लागतो एवढंच. मला वाटतं, मूळ अर्ज असाच लांबलचक वाक्याचा असावा आणि पुढं नकला करताना कुणीतरी मध्येच पूर्णविराम दिला असावा. ‘की’चा अंमल पूर्णविरामापर्यंतच चालतो. त्याच्या पुढच्या वाक्यातली विनंती मागच्या वाक्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

आता ‘शिकत असून’. पुष्कळ शिक्षक पहिली शंका इथंच घेतात, आणि तुमच्या सरांच्या मनातही कदाचित हेच असेल. नियम असा सांगतात, की ‘-ऊन’ लावलेल्या क्रियेचा आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच हवा. ‘मी घरी जाऊन झोपले’ चालतं. ‘मी घरी जाऊन आई झोपली’ चालत नाही. या मापानं मुलीची ओळ पास होते: शिकणारी ‘मी’ आणि हजर राहू न शकणारीही ‘मी’. मधलं ‘मला ताप आल्यामुळे’ हे नुसतं कारण आहे, ते कर्ता बदलत नाही. शिवाय ‘असून’ तर आज पुष्कळदा ‘आणि’सारखाच वापरतात. ‘घाटात पाऊस पडत असून वाहतूक खोळंबली आहे’ असं वर्तमानपत्रात रोज छापून येतं, पाऊस वेगळा आणि वाहतूक वेगळी, तरी कुणी अडत नाही. त्यामुळे या नियमावरून मी मुलीचा एकही गुण कापणार नाही.

मला इथं खटकतं ते वेगळंच. ‘असून’ला मराठीत दुसराही अर्थ आहे, ‘असूनही’चा. ‘डोळे असून दिसत नाही’, ‘पैसे असून देत नाही’. मागं ‘नाही’ आलं, की ‘असून’ या अर्थाकडे झुकतं. आता ओळ मधला ताप काढून वाचा: ‘मी आपल्या शाळेत शिकत असून शाळेला हजर राहू शकत नाही.’ शाळेत नाव आहे तरी येत नाही, असा तक्रारीचा सूर लागला की नाही? लिहिणारीच्या मनात तसं काही नाही, पण वाक्य दोन्हीकडे झुकतं. यावर उपाय म्हणजे ‘असून’ काढून तिथं सरळ पूर्णविराम द्यायचा: ‘मी आपल्या शाळेत आठवीत शिकते.’ मुलांना लहान वाक्य लिहायला भीती वाटते, अर्ज म्हणजे लांब वाक्य असं कुठंतरी डोक्यात बसलेलं असतं.

‘करतो’ या क्रियापदाबद्दल जरा जपून बोलतो. कोल्हापूर, निपाणीपासून इकडे बेळगावपर्यंत मुली आणि बाया घरात सर्रास ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. ते बोलणं चुकीचं आहे असं कुणी तिला सांगितलं, तर त्याचं ऐकू नका. ती आपल्या मुलखाची बोली आहे आणि तिला तिची शिस्त आहे. पण मुख्याध्यापकांचा अर्ज प्रमाण मराठीत लिहायचा असतो, तिथं मुलगी ‘विनंती करते’ असंच लिहील. तिनं हे बोलीतून लिहिलं की मुलाच्या अर्जावरून उतरवलं, ते तिलाच विचारा. उतरवलं असेल तर खाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असंही राहिलं असेल, तिथं ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’ करून घ्या. आणि शाळेत बाई मुख्याध्यापिका असतील तर वर ‘महोदय’च्या जागी ‘महोदया’.

बाकीचं भराभर सांगतो. ‘सविनयपूर्वक’मध्ये ‘सह’ आणि ‘पूर्वक’ दोन्ही एकदम लागलेत; ‘सविनय’ म्हणा किंवा ‘विनयपूर्वक’ म्हणा. ‘शकत नाही’चा काळ अर्ज कधी देतो त्यावर आहे. ताप उतरल्यावर, शाळेत परत जाताना दिला तर ‘शकले नाही’. आधी कुणाकडे पाठवून दिला तर ‘शकणार नाही’. तुमच्या पत्रावरून तिनं तो परत जाताना दिलाय, म्हणजे दिवस होऊन गेलेत. ‘शाळेला हजर’ हे कन्नडच्या ‘शालेगे हाजरु’च्या शेजारानं आलेलं दिसतं. मराठीत शाळेला जातो, शाळेला येतो हे ठीक, पण हजर राहायचं ते शाळेत, वर्गात. ‘वरील विषयास अनुसरून’ला हात लावू नका, ते नीट आहे, फक्त वर ‘विषय:’ अशी ओळ खरोखर लिहिलेली असली पाहिजे. ती विसरून ‘वरील विषयास’ लिहिणारी मुलं मी कमी पाहिलेली नाहीत.

तर सगळं धरून अर्जाची सुरुवात अशी होईल:

‘विषय: दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन आहे की, मी आपल्या शाळेत इयत्ता आठवीत शिकते. मला ताप आल्यामुळे मी दिनांक १४ व १५ रोजी शाळेत हजर राहू शकले नाही. तरी या दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.’

बघा, ‘निवेदन आहे की’च्या पुढे माहिती आली आणि मागणं आलं तिथं शेवटी ‘विनंती’ आली. दोघींना आपापलं काम मिळालं. तिला ‘विनंती’ शब्द वरच हवा असेल, तर मागणंही वर आणावं लागेल: ‘सविनय विनंती करते की, मला दिनांक १४ व १५ या दोन दिवसांची रजा मंजूर करावी. मी आठवीत शिकते. मला ताप आल्यामुळे...’ हेही शुद्ध आहे. माझी पसंती पहिल्याला, कारण कोण लिहितंय आणि काय झालं हे आधी कळलं, की मागणं वाचायला सोपं जातं. ज्यांना ‘निवेदन’ जड वाटतं त्यांनी ‘कळवते की’ लिहावं, मुलीच्या अर्जाला तेही शोभतं. ‘कळविण्यात येते की’ मात्र नको. त्यात कळवणारा लपलेला असतो, ती कचेरीची भाषा आहे. आणि लगेच पुढं ‘मी’ आला, की लपलेला माणूस पडद्यामागून डोकावल्यासारखा दिसतो.

दुरुस्ती करताना आपल्या भागात एक नवी चूक शिरते, तेवढी सांभाळा. मुलं ‘रजा मंजूर करावे’ लिहितात. कन्नडमध्ये ‘करावे’साठी ‘माडबेकु’ एकदा शिकलं की संपलं. रजा असो, काम असो, अर्ज असो, ‘माडबेकु’ बदलत नाही. मराठीत विध्यर्थाचं रूप मागितलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. रजा स्त्रीलिंगी, म्हणून ‘रजा मंजूर करावी’. अर्ज पुल्लिंगी, म्हणून ‘अर्ज मंजूर करावा’. सहकार्य नपुंसकलिंगी, म्हणून ‘सहकार्य करावे’. घरात दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या मुलाला ‘करावे’ हे एकच रूप सगळीकडे चालेल असं वाटलं, तर त्यात नवल नाही. ती रजा की तो रजा, असं एकदा म्हणून बघायला लावलं की मुलं स्वतःच सुधारतात.

आता तुमच्यासाठी. पुढच्या वेळी मुलीला बरं नसेल आणि अर्ज तुम्हीच लिहून शेजारच्या मुलाबरोबर पाठवलात, तर तिच्या अर्जातला ‘मी’ काढून नुसतं ‘माझी मुलगी’ घालू नका. तसं केलं की ‘माझी मुलगी आठवीत शिकत असून मी तिच्या रजेसाठी विनंती करते’ असं वाक्य होतं. तिथं शिकणारी एक आणि विनंती करणारी दुसरी, म्हणजे वर सांगितलेला कर्त्याचा नियम मोडला. वर्तमानपत्रातली सूट घेतली तरी ते सैलच वाचतं. त्यापेक्षा असं लिहा:

‘माझी मुलगी (नाव) आपल्या शाळेत इयत्ता आठवीत शिकते. तिला कालपासून ताप आहे. त्यामुळे ती आज व उद्या शाळेत येऊ शकणार नाही. तरी तिला या दोन दिवसांची रजा द्यावी, ही विनंती.’

सही तुमची, खाली ‘पालक’, आणि ‘आज व उद्या’ लिहिलंय म्हणून वर उजव्या कोपऱ्यात तारीख घालायला विसरू नका.